पेल्यातलं स्वच्छ पाणी

माझ्या वहिनीला आमच्या गल्लीत सगळे 'पेलेवाली' म्हणायचे. तिला त्याचा राग यायचा, निदान ती तसं दाखवायची. "मला काय नाव नाही का?" म्हणून फणकारायची आणि गिऱ्हाईक वळलं की गालातल्या गालात हसायची. मला सगळं दिसायचं. आमच्या पुढच्या खोलीत एका भिंतीला तिचं मसाल्याचं दुकान आणि दुसऱ्या भिंतीला माझं शिलाई मशीन. भाऊ गेल्यानंतर आम्ही दोघींनी ती खोली अशी वाटून घेतली. तिच्या बाजूला मिरचीचा खकाणा, माझ्या बाजूला चिंध्या. दिवसभर ती शिंकायची नाही, मी शिंकायचे.

तिच्या फळीवर काट्याच्या शेजारी एक काचेचा पेला उपडा ठेवलेला असायचा. नवीन गिऱ्हाईक आलं की वहिनी तो सरळ करी, माठातलं पाणी घाली, ते पुरतं थिरावू देई आणि मग चिमूटभर पूड वरून हलकेच भुरभुरवी. "आता हात लावायचा नाही. ढवळायचं नाही. बघायचं." गिऱ्हाईक बघत राही. हळद सावकाश खाली उतरे, तळाशी बसे, आणि वर पाणी जवळजवळ होतं तसंच, अगदी फिक्कं पिवळं. "दिसलं? रंग घातलेला असता, तर पाणी गडद पिवळं झालं असतं." हे ती अशा थाटात सांगे, जणू त्या पाण्याची जात तिनेच शोधून काढली आहे. मी मशीनवरून म्हणायचे, "झाला का जादूचा प्रयोग? आता तिकीट लाव." ती म्हणायची, "वन्सं, तुम्ही काजं करा."

हे ती शिकली एका आरोग्य शिबिरात. तेव्हा दुकान नवं होतं आणि ती तयार मिरचीपूड आणून विकायची. शिबिरातल्या बाईंनी सांगितलं तसं तिने घरी येऊन पाण्यावर ती पूड टाकली, तर पूड पाण्याला लागते न लागते तोच तिच्यातून लाल रेघा सुटून खाली धावल्या. वहिनी त्या पेल्याकडे नुसती बघत राहिली. मग सगळी पूड उचलून ज्याच्याकडून आणली होती त्याच्या दुकानात गेली. भर गर्दीत त्याच्याच गल्ल्यावर पेला ठेवला, आणि त्या रेघा सगळ्यांना दाखवल्या. त्या दिवसापासून वहिनीचं नाव झालं. लोक लांबून यायला लागले. माझी वहिनी तशी नाकावर माशी बसू देणारी नव्हतीच, त्यात आता तिला पुरावा मिळाला होता.

तेव्हापासून तिने तयार पूड कानाला खडा लावून बंद केली. मिरच्या अख्ख्या घ्यायची, देठ खुडायची, वाळवायची, समोर उभी राहून दळून आणायची. हळदही तशीच. हळकुंडं घ्यायची, पूड नाही. "पुडीत कोणीही काहीही कालवेल. अख्ख्या हळकुंडात कोण काय घालणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला झोपेतसुद्धा म्हणता येईल. आणि तरीही दळून आणल्यावर पेला व्हायचाच. एवढी काळजी कोण घेतं, सांगा मला.

गल्लीतल्या बायकांनाही तिने पेला शिकवला. त्यात गंमती व्हायच्या. समोरची बँकवाली एकदा तरातरा आली. म्हणे, "तुमच्या हळदीत रंग आहे, पाणी पिवळंजर्द झालं." वहिनीने विचारलं, पाणी कुठलं? तर चहाचं आधण उरलं होतं ते. आणि चमच्याने ढवळलं का? हो, चांगलं ढवळलं. "अहो बाई, उकळत्या पाण्यात घालून घुसळलं तर कुठलीही हळद पिवळंच पाणी करणार! ती हळद आहे, वाळू नाही." दुसऱ्या एकीने नवऱ्याचा पांढरा सदरा आणून दाखवला. हळदीच्या डागाला साबण लावला तर डाग लालभडक झाला, म्हणजे हळदीत काहीतरी आहे. वहिनी पोट धरून हसली. "चांगल्या हळदीला साबण लागला की ती लालच होते. पाण्यात खळबळलं की पुन्हा पिवळी." तिचं खरं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. पेल्याला कोणी विनाकारण दोष दिला तर तो कसा पुसून काढायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पेला गप्प बसला तर काय, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. मलाही नाही. आम्हाला कोणालाच नाही.

हळकुंडं ती घाऊक बाजारातून आणायची. आधी जी मिळायची ती मळकट असत, वरून सालपटं निघालेली, तपकिरी. दळली तरी पूड जरा काळपटच दिसे. गिऱ्हाइकं कुरकुर करायची. "चव छान आहे हो, पण भाजीला रंग येत नाही." मग तिच्या व्यापाऱ्याने नवा माल दाखवला. हळकुंडं कशी, तर गुळगुळीत, पिवळीधमक, हाताला रंग लागेल इतकी ताजी. वहिनीने एक फोडून पाहिलं, हुंगलं, पाण्यात टाकलं. पाणी स्वच्छ. तिने पोतं उचललं. घरी येऊन मला म्हणाली, "वन्सं, बघा तरी, सोनं आहे सोनं." मी पाहिलं. खरंच सुंदर दिसत होतं. पुढे ती तीच हळद आणत राहिली, आणि लोक खूश झाले.

आता पिटुकलीबद्दल सांगायला हवं. सांगवत नाही, पण सांगते.

पिटुकली म्हणजे वहिनीची नात, माझ्या भाचीची लेक. भाची आणि जावई दोघं कामाला जायचे, त्यामुळे पोर सकाळी आमच्याकडे यायची ती संध्याकाळी जायची. माझ्या मशीनखाली बसून रिळं गोळा करायची आणि एकेक माझ्या हातात देताना "घे" म्हणायची. मी घेतलं नाही तर मोठ्याने "घे!" वयाच्या मानाने भलतीच बोलकी होती. वहिनीला "आज्जू" म्हणायची, मला "मशीन". मी तिची आत्याआजी, पण मला हाक काय, तर मशीन! आणि मी खुशाल ओ द्यायचे.

तिला सारखा खोकला व्हायचा. वहिनीचं औषध ठरलेलं होतं, गरम दुधात हळद. चिमूटभर नाही, चांगली अर्धा चमचा. खोकला गेला तरी दूध चालूच राहिलं, कारण पोरीला ते आवडायला लागलं होतं. वरच्या ओठावर पिवळी मिशी घेऊन ती घरभर फिरायची. भाची एकदा म्हणालीही, "आई, मी पाकिटातली हळद आणू का तिच्यापुरती? त्यावर तपासणीचा शिक्का असतो." वहिनीला ते फार लागलं. तिने लगेच पेला भरला. हळद भुरभुरवली. तिघी बघत राहिलो. पाणी स्वच्छ. "पाकिटात काय आहे ते पाकिटाला ठाऊक. यात काय आहे ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे." भाची ओशाळली. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "चुकलं गं बाई." आणि दूध प्यायला देऊन मोकळी झाली.

पुढे हळूहळू पोर बदलली. आधी जेवण कमी झालं. मग पोट दुखतंय म्हणून गुडघे पोटाशी घेऊन रडायची. शौचाला होईना. रंग उतरला, ओठ पांढरे. आम्ही म्हटलं दात येत असतील, जंत असतील, नजर लागली असेल. लहान पोरांना काय होतंय ते आपण आपल्या मनाने ठरवतो आणि निश्चिंत होतो. चिडचिड इतकी वाढली की रिळं हातात दिली तर भिरकावून द्यायची. आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत तिने मला "मशीन" म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "पिटुकले, मी कोण?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी "घे" म्हणाले. ती तोंड फिरवून बसली. त्या काळात वहिनी काय करत होती, तर पोर खंगतेय म्हणून दूध जास्त देत होती, आणि दुधात हळद जास्त.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रक्त कमी होतं, ते आम्हाला वाटलंच होतं. पण बाईंचं समाधान झालं नाही. पोट दुखणं, बद्धकोष्ठ, बोलणं मागे जाणं हे सगळं एकत्र पाहून त्यांनी आणखी एक तपासणी सांगितली. त्यातून कळलं, की पोरीच्या रक्तात शिसं आहे, आणि थोडं नाही. शिसं! मला वाटलं, शिसं म्हणजे ते बॅटरीत असतं ते. बाई प्रश्न विचारायला लागल्या. घराला जुना रंग आहे का, भिंतीचे पोपडे खाते का? कोणी बॅटरीच्या कारखान्यात आहे? डोळ्यांत काजळ घालता? कुठली भांडी? मग म्हणाल्या, "मसाले कुठले?" वहिनी ताठ झाली. "मसाले घरचे. मीच करते. त्याचा प्रश्नच नाही."

"हळद?"

"हळकुंडं आणून दळते. तपासून."

"कशी तपासता?"

वहिनीने सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि अन्न खात्याला फोन केला. पोरीला दवाखान्यात ठेवून घेतलं, कारण शिसं बाहेर काढायचं औषध द्यावं लागणार होतं.

अन्न खात्यातला तपासनीस आला तेव्हा मी मशीनवरच होते. साधा, घामेजलेला माणूस, खांद्याला पिशवी. त्याने नमुन्यांच्या बरण्या काढल्या. वहिनी म्हणाली, "साहेब, आधी हे बघा." आणि पेला सरळ केला. पाणी थिरावायला आज वेळ लागला. मग हळद. ती उतरली. तळाशी बसली. पाणी स्वच्छ. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत काय सुटका होती तिच्या! मीसुद्धा सुस्कारा सोडला. हसू नका, आम्हाला खरंच वाटलं की सुटलो. कारण दुसरं काहीही असू दे, भिंतीचा रंग असू दे, काजळ असू दे, जगातलं काहीही असू दे, फक्त हे नको, अशी आमची त्या क्षणी प्रार्थना होती.

तपासनीस पेल्याकडे बघून म्हणाला, "बाई, ही तपासणी खोटी नाही. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते. पाण्यात विरघळणारा रंग भरपूर घातलाय का? नाही घातलेला. एवढंच."

"मग अजून काय हवं?"

"काही रंग पाण्यात विरघळतच नाहीत. हळकुंडं चकचकीत दिसावीत म्हणून पिंपात घोळवताना वरून एक पिवळी पूड मारतात काही लोक. ती शिशाची असते. जड. पाण्यात टाकली तर हळदीबरोबर तळाशी जाऊन बसते. पाणी स्वच्छच राहणार."

"हळकुंडाला?" वहिनी म्हणाली. "अख्ख्या हळकुंडाला?"

"हो. हळकुंडालाच."

तिने पोत्यातलं एक हळकुंड उचलून उजेडात धरलं. तो बिचारा तिला धीर द्यायला म्हणून आणखी बोलत राहिला. अजून काही ठरलेलं नाही, प्रयोगशाळेत यंत्रावर तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मिरचीचंही तेच, पाण्यात उतरणारा रंग पेल्यात दिसतो, पण काही रंग तेलातच उतरतात. आणि तेलात टाकून बघावं, तर चांगल्या मिरचीचा रंगही तेलात उतरतो, म्हणजे तिथेही घरी काही कळत नाही. तो मिरचीचाही नमुना घेऊन गेला. दुकान बंद ठेवायला सांगून गेला.

प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत वहिनीने जे केलं ते मला आठवलं की आजही गलबलून येतं. ती माझ्यासमोर बसून त्या हळदीला तऱ्हेतऱ्हेने विचारत होती. पाण्यात घातली. तेलात घातली. लिंबू पिळलं. बोटांत चोळून पाहिली, कच लागते का म्हणून. उन्हात कागदावर पसरून भिंगातून पाहिली, भिंग माझं, सुईत दोरा ओवायचं. फळीवर पेले, वाट्या, बशा. "एकदा तरी दिसू दे गं," असं ती हळदीला म्हणत होती. मग तिने साबणाचं पाणी घातलं आणि एकदम ओरडली, "वन्सं! लाल झाली! बघा, लाल झाली!"

मी उठले. तिचा हात धरला. "वहिनी, साबणाने चांगली हळदही लाल होते. तूच सांगितलं होतंस ना त्या सदऱ्यावालीला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने त्या सगळ्या वाट्यांच्या मध्ये डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. भाऊ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा ती नुसती रागावली होती.

निकाल फोनवर कळला. मिरची चांगली होती. हळदीत शिसं होतं, भरमसाट. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. त्या व्यापाऱ्याला मी मनात नाही, चांगलं रस्त्यावर उभं राहून शिव्या घातल्या. तो म्हणत होता, मी आला तसा माल विकतो, माझ्या मागचा कोण काय घालतो मला काय ठाऊक. असेलही. मागच्याच्या मागे आणखी कोणी असेल. त्यांच्यातल्या एकाच्याही ओठावर पिवळी मिशी नाही, एवढं मला ठाऊक आहे. वहिनी त्याला एका शब्दानेही बोलली नाही. तिची आणि माझीही रक्ततपासणी झाली, दोघींच्या रक्तात शिसं निघालं. मला धसका बसला. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. बरं वाटलं की काय, अशी मला शंका आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भाचीला नीट समजावून सांगितलं. औषधाने शिसं उतरतंय, आणखी उतरेल, घरातून ती हळद गेली हे मोठं काम झालं. पोट दुखणं थांबेल, रक्त भरेल. भाचीने विचारलं, "आणि बोलणं?" बाई म्हणाल्या, "प्रयत्न करू. बोलायला शिकवणाऱ्या ताई आहेत, त्यांच्याकडे न्या. काही मुलं बरंच भरून काढतात. पण मेंदूला झालेलं सगळं भरून निघेल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

वहिनी दाराशी उभी होती. आत यायला तिचा पाय उचलत नव्हता. भाची बाहेर आली, आईसमोर उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "आई, मी तुला विचारलं होतं गं." एवढंच. आणि परत आत गेली.

घरी आल्यावर मला वाटलं वहिनी आता अंथरूण धरणार. तिने पिशवी घेतली. "हळद परत आणायची आहे," म्हणाली. "सगळ्यांच्या घरातली." खात्याचे लोक सांगतील म्हटलं, तर म्हणाली, "विकली मी. सांगणार ते?" मी शटर ओढलं आणि तिच्यामागे निघाले.

काहींनी मुकाट्याने डबे आणून दिले. काहींनी तोंडावर दार लावलं, त्यांना मी दोष देत नाही. पण तिचं काळीज फाडलं ते तिच्यावर विश्वास असणाऱ्यांनी. बँकवाली, तीच उकळत्या पाण्यावाली, तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "तुम्ही कोणाचंही ऐकता हो! सरकारी लोक, त्यांना काय कळतं? थांबा." आणि आतून काचेचा पेला घेऊन आली. गार पाणी घातलं. ते थिरावू दिलं. चिमटीने हळद भुरभुरवली. हात लावला नाही, ढवळलं नाही. अगदी वहिनीने शिकवलं तसं, एकही चूक न करता. मग अभिमानाने पेला उचलून उजेडात धरला. "बघा. स्वच्छ. तुमची हळद चांगली आहे, मी नाही देणार परत."

आत तिची दोन्ही मुलं जेवत होती. मला चमच्यांचा आवाज येत होता.

वहिनी म्हणाली, "बाई, त्या पेल्यात ते दिसत नाही."

"अहो, तुम्हीच तर म्हणता की..."

"मी म्हणत होते. मला ठाऊक नव्हतं. पाण्यात न विरघळणारं विष त्यात दिसत नाही."

"दिसत नाही तर मग आहे कशावरून?" बँकवाली हसून म्हणाली. मनापासून हसली, वहिनीची समजूत घालायला.

तेव्हा माझी वहिनी, जिने आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नाही, ती त्या बाईच्या पायांशी बसली. "माझी नात बोलायची थांबली हो," म्हणाली. "माझ्याच हातची हळद. ती मला आज्जू म्हणायची. मुलांना उठवा तुमच्या. पाया पडते, त्यांना त्या ताटावरून उठवा."

बँकवालीने पेला खाली ठेवला. तिने डबा दिला. मुलांची ताटंही उचलली. आम्ही जिना उतरलो तेव्हा वरून मुलांच्या रडण्याचा आवाज येत होता, अर्ध्या जेवणावरून उठवलं म्हणून. वहिनी कठड्याला धरून उभी राहिली. मग पुढच्या दाराची कडी वाजवली.

त्यालाही आता बराच काळ झाला. दुकान नाही. माझं मशीन खोलीच्या मधोमध आलं आहे, आणि मी आता शिंकत नाही, तर घर कसंतरीच वाटतं. वहिनी माझी काजं-बटणं करून देते. टाके छान घालते. तिच्या हातात मुळात काही वाईट नव्हतंच.

भाची पहिले काही महिने आली नाही. मग यायला लागली, पोरीला घेऊन. ती काही दुष्ट नाही, माझी भाची. आईशी बोलते, तिची औषधं विचारते. पण पिटुकलीचा डबा घरून आणते, आणि पाण्याची बाटलीही. कोणी काही बोलत नाही. पोर भरली आहे, गाल आले आहेत. बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे जाते. थोडे शब्द परत आले आहेत, तुटक, उशिरा. तिच्या वयाची शेजारची मुलं गोष्टी सांगतात. ही अजून बोटाने दाखवते.

परवा दुपारी ती आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनी आताशा काय जेवते, तर भात आणि दूध. हळद घरात नाहीच, दुसरीही आणू दिली नाही तिने, तपासलेलीसुद्धा नाही. भाची डब्याचं झाकण उघडत होती. पिटुकली उठली, सरळ वहिनीच्या ताटाशी गेली, तिच्या गुडघ्यावर एक हात ठेवून वाकली, आणि दुसरा हात भाताकडे नेला. मग वर बघून, जोर लावून, तोंड वेडंवाकडं करत तिने शब्द काढला.

"आज... जू."

भाचीचा हात झाकणावर तसाच राहिला. तिने काही अडवलं नाही. मी शपथेवर सांगते, तिने अडवलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती मानेनेच आईला "दे" म्हणत होती.

ताटात पांढरा भात होता, पांढरं दूध होतं, दुसरं काही नव्हतं. वहिनीने ताट उचललं आणि पोरीच्या हातापासून दूर, पाठीमागे नेऊन ठेवलं.

"नको गं बाळा," ती म्हणाली. "आज्जूचं नको."